१० टक्के सरळ की ७ टक्के चक्रवाढ? ४ लाखांची १० वर्षांची ठेव

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. वडिलांचे ४ लाख रुपये १० वर्षांसाठी ठेवायचे आहेत. वडील ६८ वर्षांचे आहेत. पेन्शन येते, त्यामुळे व्याजावर घर चालवायचे नाही. दोन ठिकाणी चौकशी केली.

राष्ट्रीयीकृत बँकेने ज्येष्ठ नागरिक म्हणून ७ टक्के सांगितले. त्यात दोन प्रकार आहेत. व्याज दर तीन महिन्यांनी घेतले तर दर वेळी ७,०००, आणि मुदत संपली की मूळ ४ लाख परत. 'रिइन्व्हेस्टमेंट' घेतली तर मधे काही नाही, शेवटी एकदम ८,००,६३९.

दुसरीकडे एका सौहार्द सहकारी संस्थेच्या फलकावर '१० टक्के, १२० महिन्यांत दामदुप्पट' असे लिहिले आहे. शेजारचे काका म्हणतात, ७ आणि १० मध्ये ३ टक्क्यांचा फरक आहे, बँकेत ठेवणे म्हणजे वर्षाला १२,००० सोडणे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा ३ टक्क्यांचा फरक खरा आहे का? आणि बँकेतल्याच दोन प्रकारांत शेवटी १,२०,६३९ रुपयांचा फरक पडतो, तो नेमका येतो कुठून?

ऊसपट्टा (अथणी)

काकांचे बरोबर आहे. १० म्हणजे १०. संस्थेत वर्षाला ४० हजार, बँकेत २८ हजार. १० वर्षांत १,२०,००० जास्त. आणि बँकेतच ठेवायचे असेल तर डोळे झाकून चक्रवाढ घ्या. ते वरचे १,२०,६३९ बँक फुकट देते, व्याज उचलणाऱ्याला ते मिळत नाही.

लेजर_फोलिओ (बेळगाव)

ऊसपट्टा दादा, तुमचे दोन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. संस्था ४ लाखांचे १० वर्षांत ८ लाख देणार. बँक ८,००,६३९ देणार. मग वर्षाला १२,००० जास्त कुठे मिळाले? उलट बँकेचेच ६३९ रुपये जास्त आहेत.

फलकावरचे १० आणि बँकेचे ७ हे एकाच मापाने मोजलेले नाहीत. ४ लाखांवर १० वर्षांत ४ लाख व्याज झाले, त्याला १० ने भागले तर वर्षाला ४० हजार, म्हणजे १० टक्के. हा सरळव्याजाच्या हिशेबाने काढलेला सरासरी आकडा झाला. बँकेचा ७ टक्के हा दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात मिळवत जायचा दर आहे. मुदत १० वर्षे असेल तर १० टक्के सरळ आणि ७ टक्के तिमाही चक्रवाढ एकाच ठिकाणी येऊन थांबतात.

आता मलप्रभाकाठ यांचा दुसरा प्रश्न. आकडे सोपे व्हावेत म्हणून १ लाख धरतो. ७ टक्क्यांचा चौथा भाग १.७५ टक्के. पहिल्या तिमाहीला १,७५० व्याज. ते उचलले नाही, तर दुसऱ्या तिमाहीला व्याज १,०१,७५० वर लागते, ते १,७८०.६३ होते. तिसऱ्या तिमाहीला १,८११.७९, चौथीला १,८४३.४९. वर्षाचे झाले ७,१८६. सरळव्याजाने ७,००० झाले असते. पहिल्या वर्षी फरक फक्त १८६ रुपयांचा, म्हणून एक-दोन वर्षांच्या ठेवीत कोणाला तो जाणवतही नाही.

पाचव्या वर्षी मात्र त्या एका वर्षाचे व्याज ९,४८५ असते आणि दहाव्या वर्षी १३,४१९. सरळव्याजाचा आकडा दहाव्या वर्षीही ७,०००च. एकूण फरक पाच वर्षांनंतर ६,४७८ आणि दहा वर्षांनंतर ३०,१६०. म्हणजे फरकाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग दुसऱ्या पाच वर्षांत तयार होतो. याला ४ ने गुणा, तुमचे १,२०,६३९ आले. हे सगळे व्याजावरचे व्याज आहे, दुसरे काही नाही.

एक्सेलमध्ये किंवा गुगल शीटमध्ये हे टाकून बघा:

```
=400000*(1+7/400)^40
```

४०० म्हणजे १०० गुणिले ४ तिमाही, आणि ४० म्हणजे १० वर्षांच्या तिमाही. पावतीवरचा आकडा याच्याशी जुळला पाहिजे. दिवसांच्या मोजणीमुळे थोडे रुपये इकडेतिकडे होतात. हजारांत फरक आला तर काउंटर सोडायचा नाही.

ऊसपट्टा (अथणी)

दामदुप्पट सारखीच होते, हे पटले. पण मग संस्थेचे सरळव्याज मधल्या काळात पुढे असणार ना? पाच वर्षांनी पैसे लागले तर १० टक्के सरळने ४ लाखांचे ६ लाख होतात. बँकेत ७ टक्के चक्रवाढीने ५,६५,९०० च्या आसपास. मग मोडायची वेळ आली तर संस्था बरी.

लेजर_फोलिओ (बेळगाव)

गणित बरोबर आहे. १० टक्के सरळव्याजाचा खरा करार असेल तर दहाव्या वर्षापर्यंत ते कायम पुढेच राहते. पण दामदुप्पट योजनेत तसा करार बहुधा नसतो. आत चक्रवाढीचाच दर असतो आणि फलकावर मोठा दिसणारा सरासरी आकडा लिहिलेला असतो.

ओळखायचे कसे? मलप्रभाकाठ, संस्थेत एवढेच विचारा: 'याच १२० महिन्यांच्या ठेवीवर पहिल्या वर्षाच्या शेवटी किती व्याज जमा झालेले दिसेल?' ४०,००० म्हणाले तर १० टक्के खरे. २८,७००-२८,८०० म्हणाले तर आत ७ टक्के तिमाही चक्रवाढच आहे. 'वर्षभराच्या ठेवीला काय दर' असे विचारू नका, तो दर वेगळा असतो आणि उत्तर भलतीकडे जाते. दुसरा प्रश्न मुदतीआधी मोडण्याचा. त्याचा नियम छापील मागा.

दुप्पट व्हायचा काळ मनात काढायचा असेल तर ७० ला दराने भागा. पुष्कळ जण ७२ ने करतात, पण ते वार्षिक चक्रवाढीला जास्त जुळते. तिमाहीला ७० धरा. ७ टक्क्यांना १० वर्षे, म्हणजे १२० महिने. ८ टक्क्यांना पावणेनऊ वर्षे, म्हणजे १०५ महिने. साडेसहा टक्क्यांना १२९ महिने. त्यामुळे '१०५ महिन्यांत दामदुप्पट' वाचले की आत ८ टक्के आहे हे लगेच कळते, फलकावर काहीही लिहिलेले असो.

निपाणीकर_वखार

मला एक सांगा, सोसायटीचे पीककर्ज आहे आमचे, त्याला चक्रवाढ लावतात का? बँकवाले एक सांगूलालेत, सोसायटीचा सेक्रेटरी दुसरेच. व्याजाला व्याज लागले तर आम्ही काय करायचे?

लेजर_फोलिओ (बेळगाव)

निपाणीकर, हा धागा ठेवीचा आहे, पीककर्जाचे नियम वेगळे. थोडक्यात, चालू पीककर्जाची परतफेडीची तारीख उलटलेली नसेल तर बँकेने व्याजावर व्याज लावायचे नसते, थकल्यावर लावता येते. बाकीचे स्वतंत्र धाग्यात विचारा, कर्जखात्याचा उतारा हाताशी ठेवून.

टिळकवाडी_मावशी

चक्रवाढीचाच विषय आहे म्हणून विचारते. माझी पोस्टात ५ वर्षांची टाइम डिपॉझिट आहे, १ लाखाची, ७.५ टक्के. पहिल्या वर्षी व्याज ७,७१४ दाखवले. त्यावरून मी धरले की चक्रवाढ आहे, कारण सरळ असते तर ७,५०० आले असते. आता दुसरे वर्ष संपले, तरी व्याज ७,७१४च. मी एकदाही काढलेले नाही. पोस्टाने हिशेब चुकवला का?

लेजर_फोलिओ (बेळगाव)

मावशी, पोस्टाचा हिशेब बरोबर आहे. टाइम डिपॉझिटमध्ये व्याजाची चक्रवाढ वर्षाच्या आतल्या चार तिमाहींपुरती असते, म्हणून ७,५०० ऐवजी ७,७१४ दिसतात. वर्ष संपले की ते व्याज देय होते. तुम्ही ते उचलले नाही तर तसेच पडून राहते, त्यावर जादा व्याज मिळत नाही. पुढच्या वर्षी हिशेब पुन्हा १ लाखापासून सुरू होतो. पाच वर्षांच्या दृष्टीने ती सरळव्याजाचीच ठेव आहे. हातात येणार १,३८,५७०. तोच दर पाचही वर्षे तिमाही चक्रवाढीने चालला असता तर १,४४,९९५ झाले असते.

आजच पोस्टात जाऊन साठलेले व्याज बचत खात्यात वळवून घ्या. तिथे निदान ४ टक्के मिळतात. पुढचे व्याज आपोआप खात्यात जमा व्हावे असा अर्जही देता येतो.

पाच वर्षे पैसे नकोच असतील तर पोस्टातलेच राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र बघा. त्यात ७.७ टक्के वार्षिक चक्रवाढ आहे आणि सगळे शेवटी मिळते, १ लाखाचे १,४४,९०३. किसान विकास पत्र ७.५ टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट होते. तिन्ही एकाच खिडकीवर मिळतात, पण चक्रवाढ तिन्हींत सारखी चालत नाही.

टिळकवाडी_मावशी

म्हणजे पहिल्या वर्षाचे व्याज नुसतेच पडून राहिले. उद्या जाते.

करसल्ला_शहापूर

चर्चा छान चालली आहे, पण पावतीवर छापलेली मुदतअखेरची रक्कम हातात पडतेच असे नाही, हे इथे सांगायला हवे. कारण टीडीएस, म्हणजे बँक व्याजातून आधीच कापते तो कर.

चक्रवाढ ठेवीत व्याज हातात आले नाही तरी बँक ते दर वर्षी तुमच्या नावावर धरते. बँकेतल्या सगळ्या ठेवींचे मिळून आर्थिक वर्षातले व्याज मर्यादेपलीकडे गेले की १० टक्के टीडीएस कापते. पॅन जोडलेले नसेल तर २० टक्के. २०२५-२६ साठी ही मर्यादा ज्येष्ठांना १ लाख आणि इतरांना ५० हजार आहे. मलप्रभाकाठ यांच्या वडिलांना ४ लाखांवर शेवटच्या वर्षीही ५३,७०० च्या आत व्याज होते, त्यामुळे त्या बँकेत दुसरी ठेव नसेल तर टीडीएसचा प्रश्न येत नाही.

हीच ठेव साठीच्या आतल्या माणसाच्या नावावर, त्याच दराने असती तर? आठ वर्षे काही कापले जात नाही. नवव्या वर्षाचे व्याज होते ५०,०७८, आणि तिथून टीडीएस सुरू होतो. ठेव तीच, दर तोच, तरी अचानक कपात का, म्हणून लोक बँकेत भांडतात. चक्रवाढीत दर वर्षीचे व्याज वाढत जाते आणि कधीतरी मर्यादा ओलांडते, एवढेच त्याचे कारण. सरळव्याजाने २८,००० वर ते कधीच गेले नसते.

मोठ्या रकमेत हे जास्त दुखते. १० लाख, ७ टक्के, १० वर्षे, पावतीवर २०,०१,५९७. पहिल्या वर्षापासून दर तिमाहीच्या व्याजातून १० टक्के कापले गेले तर मुद्दलात फक्त ९० टक्के व्याज मिळते. म्हणजे ठेव प्रत्यक्षात ६.३ टक्क्यांनी वाढते आणि शेवटी हातात येतात १८,६८,४१५. कमी आले १,३३,१८२. पण २६एएस या कर-कपातीच्या उताऱ्यात दहा वर्षांच्या कपातीची बेरीज केली तर ९६,४९१ च दिसते. उरलेले ३६,६९१ बँकेने खाल्ले असे वाटते. तसे नाही. कापून गेलेल्या रकमेवर पुढे जे व्याज चढले असते, ते चढलेच नाही.

कर लागतच नसेल तर टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो, पण ते ३६,६९१ कोणी परत देत नाही. म्हणून दर वर्षी एप्रिलमध्ये कर लागत नसल्याचा अर्ज बँकेत द्यायचा, २०२५-२६ साठी तो १५एच, साठीच्या आत असाल आणि अटीत बसत असाल तर १५जी. एकदा दिला की दहा वर्षे चालतो असे समजू नका, तो त्या आर्थिक वर्षापुरताच असतो.

आकडेमोड (चिकोडी)

करसल्ला सर, चक्रवाढ ठेवीचे व्याज उत्पन्नात दर वर्षी दाखवायचे की मुदत संपल्यावर एकदम? काही जण शेवटीच दाखवतात.

करसल्ला_शहापूर

कायद्याने इतर उत्पन्नासाठी रोख पद्धत, म्हणजे पैसे हातात आल्यावरच उत्पन्न दाखवणे, धरता येते, पण मग ती सगळ्या व्याजाला आणि दर वर्षी सारखीच धरावी लागते. माझे मत दर वर्षी दाखवावे असे आहे. टीडीएस दर वर्षी जमा होत असतो आणि प्राप्तिकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात व्याजही दर वर्षी दिसते. शेवटी ४ लाख एकाच वर्षात दाखवले तर त्या वर्षी वरच्या टप्प्यात जाल.

आकडेमोड (चिकोडी)

ज्याचे उत्पन्न पुढे कमी होणार आहे, त्याला शेवटी दाखवणे फायद्याचे पडू शकते, असे मला अजूनही वाटते. पण एआयएसशी जुळत नाही म्हटल्यावर नोटीस येऊ शकते, हे मान्य.

बरे, मला ऊसपट्टा दादांच्या 'फुकट' या म्हणण्यावर बोलायचे होते. ते १,२०,६३९ बँक फुकट देत नाही. तुम्ही दर तिमाहीचे ७,००० बँकेकडेच राहू दिले, त्याचे ते भाडे आहे. ७,००० उचलून दर वेळी ७ टक्क्यांनीच दुसरीकडे गुंतवले असते तर १० वर्षांनी त्या हप्त्यांचे बरोबर ४,००,६३९ झाले असते. मूळ ४ लाख मिळवले की तोच आकडा. म्हणजे तिमाही व्याज घेणाऱ्याचे आपोआप नुकसान होत नाही. त्याचे व्याज पुढे काय करते, यावर सगळे अवलंबून आहे.

तेच ७,००० बचत खात्यात अडीच टक्क्यांवर पडून राहिले तर एकूण ७,१६,९९० होतात. नवीन ठेवींचे दर उतरले आणि ते ५ टक्क्यांनी गुंतवावे लागले तर ७,६०,४२७. घरातल्या डब्यात राहिले तर ६,८०,०००. रिइन्व्हेस्टमेंटचा खरा फायदा इथे आहे. आजचा ७ टक्के दर मुद्दलाला मिळतोच, शिवाय पुढच्या दहा वर्षांत येणाऱ्या प्रत्येक व्याजालाही तोच बांधून मिळतो. २०१३-१४ च्या सुमाराला ९ टक्क्यांच्या आसपास ठेवलेल्यांना २०२०-२१ मध्ये, जेव्हा नव्या ठेवींना साडेपाच टक्केही मुश्किलीने मिळत होते, तेव्हाही व्याजावर ९ टक्केच मिळत होते.

दर वाढले तर मात्र हीच गोष्ट उलटी पडते, बांधलेला दर तसाच राहतो.

मासिक व्याज घेणाऱ्यांसाठी एक ओळ: ४ लाखांवर महिन्याला २,३३३ अपेक्षित असतात, हातात पडतात २,३२० च्या आसपास. व्याज तिमाहीच्या आधी देतात म्हणून बँक ते सूट धरून देते. ती चूक नसते.

ऊसपट्टा (अथणी)

भाडे हा शब्द पटला. ऊसबिल वर्षातून दोन-तीनदा येते, मधे खर्च असतातच. आमच्यासारख्याला तिमाही व्याजच बरे, असे मी म्हणेन.

मलप्रभाकाठ (खानापूर)

संस्थेत जाऊन आलो. लेजर_फोलिओ काका, तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. काउंटरवरचा मुलगा आधी ४०,००० म्हणाला, मग मॅनेजरने कॉम्प्युटरवर बघून २८,७४४ सांगितले. पत्रक मागून घेतले. खाली बारीक अक्षरात आहे: '१० टक्के हा मुदतअखेरचा सरासरी परतावा'. आणि मुदतीआधी मोडली तर ठेव जितका काळ राहिली त्या काळाचा दर, वजा १ टक्का.

लेजर_फोलिओ (बेळगाव)

मग चित्र स्वच्छ झाले. २८,७४४ म्हणजे आत ७ टक्के तिमाही चक्रवाढ. पाच वर्षांनी मोडली आणि पाच वर्षांचा दर ७ धरला, तर १ टक्का वजा होऊन ६ टक्क्यांनी हिशेब होईल. ४ लाखांचे ५,३८,७४२. फलक वाचून ६ लाख धरलेल्या माणसाला ६१,२५८ कमी. बँकेतही मोडण्याचा नियम याच पद्धतीचा असतो, दंड अर्धा ते एक टक्का. त्या काळाचा दर म्हणजे ठेव ठेवली त्या दिवशी तेवढ्या मुदतीला असलेला दर, आजचा नव्हे, हेही विचारून घ्या.

आता दोन्हीकडे परतावा सारखाच आहे, तेव्हा सुरक्षेचा विचार करा. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या संस्थेचा विमा आहे, एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची. सहकारी बँकांनाही तो आहे. सौहार्द संस्था आणि पतसंस्था बँक नसतात, त्यांच्या ठेवींना हा विमा नाही. आपल्या भागात गल्लोगल्ली सौहार्द आहेत, चांगल्या चालवलेल्याही पुष्कळ आहेत, पण परतावा तेवढाच आणि विमा नाही, असा सौदा १० वर्षांसाठी मी सुचवणार नाही.

आणि चक्रवाढीत मुद्दल ४ लाख असले तरी रक्कम वाढत असते. १३ तिमाहींनंतर, म्हणजे सव्वातीन वर्षांत, ती ५ लाखांच्या वर जाते. वरचा भाग विम्याबाहेर राहतो. दोन बँकांत २-२ लाख ठेवले तर शेवटी प्रत्येकी ४,००,३२० होतात, दोन्ही मर्यादेत. मधे पैशांची गरज पडली तर एकच मोडावी लागेल, दुसरीची चक्रवाढ चालू राहील.

आकडेमोड (चिकोडी)

राष्ट्रीयीकृत बँक असताना विम्यासाठी तुकडे करायची गरज मला वाटत नाही. पण मोडण्याच्या सोयीसाठी त्याच बँकेत १-१ लाखाच्या चार पावत्या जरूर करा. व्याज तेवढेच मिळते.

लेजर_फोलिओ (बेळगाव)

चार पावत्या हा उत्तम उपाय. विम्याबद्दल आपले मत वेगळे राहू द्या.

मलप्रभाकाठ, पावती हातात आली की तिथेच उभे राहून दोन गोष्टी बघा. मुदतअखेरच्या रकमेच्या रकान्यात १ लाखाच्या पावतीवर २,००,१६० च्या आसपास आकडा हवा. तिथे १,००,००० च दिसले तर ठेव चुकून तिमाही व्याजाच्या योजनेत उघडली आहे. अर्जावर योजनेचा चौकोन कोरा राहिला की असे होते. आपल्याकडे अर्ज कन्नड-इंग्रजीत असतो, लोक सही करून देतात आणि बाकीचे काउंटरवरच भरले जाते. त्याच दिवशी सांगितले तर रद्द करून नवी करता येते. सहा महिन्यांनी बचत खात्यात दर तिमाहीला १,७५० पडताना दिसल्यावर गेलात, तर मोडण्याचा दंड लावून नवी ठेव, तीही त्या दिवशीच्या दराने.

दुसरे, मुदत संपल्यावर काय करायचे याची सूचना. नूतनीकरण, की बचत खात्यात जमा? ती कोरी सोडू नका.

मलप्रभाकाठ (खानापूर)

कोरी सोडली तर काय होते? १० वर्षांनी वडील ७८ चे असतील, मी पुण्यात असेन.

लेजर_फोलिओ (बेळगाव)

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार मुदत संपून पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांत जो कमी असेल तो मिळतो. ८,००,६३९ रुपये वर्षभर अडीच टक्क्यांवर पडले तर २०,००० च्या आसपास व्याज. ७ टक्क्यांनी पुन्हा ठेवले असते तर ५७,५०० च्या वर. दहा वर्षांत जमवलेल्या चक्रवाढीचा वेग त्या दिवशी थांबतो. पुढे १० वर्षे कोणीच दावा केला नाही तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जातात. तिथून मागून मिळतात, पण त्या काळाचे व्याज मे २०२१ पासून ३ टक्के, तेही सरळव्याज. शोध घ्यायला 'उद्गम' पोर्टल आहे.

म्हणून 'आपोआप नूतनीकरण, मुद्दल अधिक व्याज' यावर खूण करा. नूतनीकरण त्या दिवसाच्या दराने होईल, आजच्या ७ ने नाही. खातेदार म्हणून वडील आणि तुम्ही, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो', असे नाव टाका. वारसाचे नाव वेगळे नोंदवा आणि ते पावतीवर छापून आले का ते बघा.

करसल्ला_शहापूर

संयुक्त नावात पॅन पहिल्या नावाचे लागते आणि ज्येष्ठांचा जादा दरही पहिल्या नावावरून ठरतो. वडिलांचे नाव पहिले हवे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. सोमवारी बँकेत १-१ लाखाच्या चार पावत्या करतो, रिइन्व्हेस्टमेंटमध्ये, वडिलांचे नाव पहिले. एकच शंका राहिली. चारही १० वर्षांच्या करायच्या, की दोन १० च्या आणि दोन ५ च्या? पाच वर्षांचा दरही सध्या ७ च सांगितला.

आकडेमोड (चिकोडी)

मी चारही १० च्या करेन. दर सारखाच असेल तर ५ वर्षांनी पुन्हा ७ मिळेल याची खात्री नाही, आणि फरकाचा मोठा भाग दुसऱ्या पाच वर्षांतच तयार होतो.

लेजर_फोलिओ (बेळगाव)

वडिलांचे वय धरून मी एक तरी ५ ची ठेवीन. ७३ व्या वर्षी दवाखान्यासाठी पैसे लागले तर एक पावती दंडाशिवाय हातात येईल. लागले नाहीत तर १,४१,४७८ तेव्हाच्या दराने पुन्हा ठेवता येतील.